ई-पीक पाहणी : पहिलं लॉगिन झालं, पण सातबारावर पीक कधी दिसणार?

गावोगावी ॲप शिकवण्याचे कार्यक्रम होतात, नोंदणीचे आकडेही वाढतात. तरीही हंगाम संपताना अनेकांची पिकाची नोंद राहून जाते. शेतकऱ्याला ॲप समजत नाही, असं त्याचं कारण सांगितलं जातं. खरं कारण बहुतेक वेळा शिकवण्याच्या क्रमात असतं. नरसी नामदेवसारख्या गावात हा क्रम कसा असावा, याचा हा आढावा.

सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये 'ऑनबोर्डिंग' हा शब्द रोजचा आहे. नवा ग्राहक आला की कंपनीचा माणूस त्याच्यासोबत एक सत्र घेतो. पहिल्या लॉगिनपासून सुरुवात होते आणि ग्राहकाच्या हातात कामाची पहिली गोष्ट पडली की सत्र संपतं. ती कामाची गोष्ट म्हणजे दुकानदारासाठी पहिलं बिल, कारखान्यासाठी पहिला पगारपत्रक. 'लॉगिन झालं' हा ग्राहकासाठी निकाल नसतो. तो फक्त दरवाजा असतो.

महाराष्ट्रात असं सर्वांत मोठं काम एखाद्या खासगी कंपनीचं नसून ई-पीक पाहणीचं आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी हा प्रकल्प राज्यभर सुरू झाला. महसूल आणि कृषी विभागाने टाटा ट्रस्टच्या मदतीने तो उभा केला. त्याआधी गाव नमुना १२ मध्ये पिकाची नोंद तलाठी करायचे. आता शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या शेतात उभं राहून, फोटोसह ती करायची आहे. म्हणजे एका निर्णयाने राज्यातला प्रत्येक खातेदार एका ॲपचा 'नवा ग्राहक' झाला. त्याला शिकवायचं कोणी? गावातले सहायक, तलाठी म्हणजेच आताचे ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि घरातली शिकलेली मुलं यांनी.

दोन कामं, दोन जागा

हिंगोली तालुक्यातलं नरसी नामदेव हे कयाधू नदीकाठचं गाव संत नामदेवांचं जन्मस्थान म्हणून ओळखलं जातं. परिसरात खरिपात सोयाबीन आणि तूर, सोबत कापूस, आणि पाण्याची सोय असेल तिथे हळद, अशी पिकं दिसतात. ई-पीक पाहणीच्या दृष्टीने ही पिकांची रचना महत्त्वाची आहे, कारण काही पिकांची नोंद दोन मिनिटांत होते आणि काही पिकं नवख्याला गोंधळात टाकतात.

गावातलं शिबिर साधारण एकाच साच्यातलं असतं. मंदिराच्या सभामंडपात किंवा ग्रामपंचायतीसमोर तीस-चाळीस जण जमतात. योजनेची माहिती दिली जाते. मग सगळ्यांना ॲप डाउनलोड करायला सांगितलं जातं. कोणाच्या फोनमध्ये जागा नसते, कोणाचा डेटा संपलेला असतो, कोणाला ओटीपी येत नाही. तासभरात पाच-दहा जणांची नोंदणी होते आणि बाकीच्यांना 'घरी जाऊन करा' असं सांगून शिबिर संपतं.

यात अडचण अशी की ॲपमध्ये दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम खातेदार म्हणून नोंदणी करण्याचं. ते इंटरनेट असेल तिथे, बसल्या जागी होतं. दुसरं काम पीक माहिती भरण्याचं. ते शेतातच होतं, कारण ॲप फोनचं अक्षांश-रेखांश घेतं आणि पिकाचा फोटो मागतं. सभामंडपातलं शिबिर फक्त पहिलं काम शिकवू शकतं. शेतकऱ्याला उपयोग दुसऱ्या कामाचा आहे. त्यामुळे शिबिराची यादी भरते, पण नमुना १२ चा रकाना रिकामाच राहतो.

आदल्या दिवशीच संपवायच्या गोष्टी

चांगल्या सत्राची सुरुवात सत्राच्या आदल्या दिवशी होते. ज्या कामात शिकण्यासारखं काही नाही आणि फक्त वेळ जातो, ते काम सत्राबाहेर काढलं पाहिजे.

फोनमध्ये जागा करणं, प्ले स्टोअरवरून `E-Peek Pahani (DCS)` हे ॲप घेणं, जुनी आवृत्ती असेल तर ती अपडेट करणं आणि फोन पूर्ण चार्ज करणं ही कामं घरी व्हायला हवीत. जुन्या आवृत्तीचा मुद्दा किरकोळ वाटतो. पण गेल्या वर्षी ज्याने ॲप वापरलं, त्याच्या फोनमध्ये बहुतेक वेळा जुनीच आवृत्ती पडून असते. असा माणूस 'मला येतं' म्हणून निर्धास्त असतो आणि नेमका तोच पहिल्या पडद्यावर अडकतो.

दुसरी तयारी कागदाची. सातबारा आणि आठ अ यांचे उतारे सोबत हवेत, किंवा निदान खाते क्रमांक आणि गट क्रमांक वहीत लिहून आणलेले हवेत. ॲपमध्ये खातेदार शोधताना नाव, आडनाव, खाते क्रमांक आणि गट क्रमांक असे पर्याय असतात. नवखा माणूस साहजिकच नावाने शोधतो आणि तिथेच घोळ होतो. सातबारावरचं नाव रोजच्या नावापेक्षा वेगळं असतं, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असतो, एकाच आडनावाची पन्नास खाती निघतात. गट क्रमांकाने शोधलं की त्या गटातले मोजकेच खातेदार समोर येतात. सामाईक खातं असेल तर यादीतलं नेमकं कोणतं नाव निवडायचं, हेही उतारा हातात असल्याशिवाय कळत नाही.

तिसरी तयारी माणसांची असते, आणि ती सर्वांत जास्त विसरली जाते. फोन मुलाकडे असतो आणि शेताची माहिती वडिलांकडे असते. कोणत्या गटात किती क्षेत्र, पेरा कधी झाला, पोटखराबा कुठे आहे, हे वडील सांगू शकतात. पडद्यावरचा पर्याय मुलगा निवडतो. दोघांपैकी एकच आला तर सत्र अर्धवट राहतं. मुलगा पुण्याला नोकरीला असेल आणि दिवाळीपुरताच येणार असेल, तर रब्बीची नोंद कोण करणार, हेही आधीच विचारायला हवं. पुढच्या हंगामात जो माणूस गावात असेल, त्याच्याच फोनवर शिकवणं शहाणपणाचं.

सत्राची सुरुवात शेवटच्या कागदापासून

सत्रात सर्वांत आधी ॲप उघडू नये. आधी एक सातबारा दाखवावा, ज्यावर गेल्या हंगामाचं पीक नोंदलेलं आहे. शेजारी दुसरा ठेवावा, ज्यावर पिकाचा रकाना कोरा आहे. मग या दोन कागदांतला फरक पैशांत सांगावा.

याचं उदाहरण हाताशी आहे. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापूस उत्पादकांना राज्य सरकारने हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य जाहीर केलं. त्यासाठी शेतात सोयाबीन होतं हे ठरवण्याचा मुख्य आधार ई-पीक पाहणीची नोंद हा होता. ज्यांची नोंद नव्हती, त्यांना पीक काढून झाल्यावर ते सिद्ध करणं जड गेलं. हमीभावाने सोयाबीन विकायला गेल्यावरही पिकाची नोंद असलेला सातबारा मागतात. पीकविम्यात घोषित केलेलं पीक आणि नोंदलेलं पीक वेगळं निघालं, तर तिथेही प्रश्न उभा राहतो.

हे सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि या पाच मिनिटांचा उपयोग फक्त उत्साह वाढवण्यापुरता नसतो. आपल्याला शेवटी काय हवं आहे, हे डोळ्यांसमोर असलं की मधला प्रत्येक पडदा कशासाठी आहे ते कळतं. क्षेत्राचा आकडा चुकला तर मदत कमी मिळेल, हे ज्याला माहीत आहे, तो क्षेत्राच्या रकान्यात काळजीपूर्वक बोट टेकवतो.

लॉगिन : एकाचं करा, बाकीच्यांना बघू द्या

आता लॉगिन. आवृत्तीनुसार पडद्यांची ठेवण थोडी बदलते, पण क्रम साधारण असा असतो. महसूल विभाग निवडायचा. हिंगोलीसाठी तो छत्रपती संभाजीनगर. शेतकरी म्हणून लॉगिन हा पर्याय घ्यायचा आणि मोबाईल क्रमांक टाकायचा. मग जिल्हा, तालुका, गाव. त्यानंतर खातेदार शोधायचा, निवडायचा आणि आलेला संकेतांक टाकून नोंदणी पूर्ण करायची.

इथे चाळीस जणांना एकदम सुरू करायला लावणं ही सर्वांत महागडी चूक ठरते. हिशेब साधा आहे. प्रत्येकाला सरासरी दहा मिनिटं मदत लागली, तर चाळीस जणांसाठी एका सहायकाला चारशे मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांपेक्षा जास्त वेळ लागेल. पाच जणांच्या गटाला पन्नास मिनिटं पुरतात. शिवाय पाच जणांत पहिल्याचं लॉगिन बाकीचे चौघे बघतात, त्यामुळे पाचव्याला दहा मिनिटं लागतच नाहीत.

म्हणून गट पाच-सहा जणांचा असावा, आणि तो एकाच शिवारातल्या, शक्यतो बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्यांचा असावा. याचा दुहेरी फायदा होतो. पुढचा भाग शेतातच करायचा असल्याने चालावं कमी लागतं. आणि पुढे अडलं तर विचारायला शेजारी असतोच.

नोंदणीला इंटरनेट लागतं, पण पीक माहिती नेटवर्क नसतानाही फोनमध्ये साठवता येते. त्यामुळे लॉगिन गावात, रेंज असेल तिथे उरकून घ्यावं आणि लगेच शेताकडे निघावं. 'नोंदणी आज, शेत उद्या' असं केलं की उद्या बहुतेक जण येत नाहीत.

पहिला गट कोणता निवडायचा?

सत्राचा खरा कस इथे लागतो. समजा, नरसीतल्या एका शेतकऱ्याकडे दोन गट आहेत. हे उदाहरण समजावण्यापुरतं आहे.

पहिला गट ०.८१ हेक्टरचा, म्हणजे साधारण दोन एकरांचा. त्यात सलग सोयाबीन आहे. दुसरा गट १.०० हेक्टरचा. त्यात ०.०५ हेक्टर पोटखराबा, ०.२० हेक्टर हळद आणि उरलेल्या ०.७५ हेक्टरमध्ये चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर असं आंतरपीक आहे.

शेतकरी म्हणेल, 'मोठा गट आधी करू.' तसं करू नये. दुसऱ्या गटात एकाच वेळी तीन अवघड निर्णय आहेत. आंतरपिकाचं क्षेत्र दोन पिकांत वाटावं लागतं. ओळींमधलं अंतर सारखं धरलं तर चारास दोन या प्रमाणात सोयाबीन ०.५० आणि तूर ०.२५ हेक्टर येते. सोबत हळदीचे ०.२०. बेरीज ०.९५ होते, आणि ती पोटखराबा वजा केलेल्या क्षेत्राशी जुळली पाहिजे. हळद आठ-नऊ महिने शेतात राहते, त्यामुळे हंगाम निवडताना पुन्हा प्रश्न पडतो. त्यात मुख्य पीक कोणतं आणि दुय्यम कोणतं, हेही ठरवायचं असतं. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा हे ॲप उघडलं आहे, त्याच्यासमोर हे सगळं एकदम ठेवलं की तो फोन सहायकाच्या हातात देतो आणि म्हणतो, 'तुम्हीच करा.' फोन असा हातातून गेला की शिकणं तिथेच थांबतं.

म्हणून पहिला गट सलग सोयाबीनचा. खाते क्रमांक निवडला, गट क्रमांक निवडला की एकूण क्षेत्र आणि पोटखराबा ॲप स्वतःच दाखवतं. हंगाम खरीप, पिकाचा वर्ग एक पीक, पिकाचं नाव सोयाबीन. क्षेत्र ०.८१. सिंचनाचं साधन, नसेल तर कोरडवाहू. लागवडीची तारीख. मग फोटो. या सगळ्यात विचार करायला लावणारा प्रश्न जवळजवळ एकही नाही. हाताला सवय होते आणि शेवटी एक पूर्ण नोंद तयार होते.

'कायम पड' आणि 'बांधावरची झाडे' हे पर्यायही ॲपमध्ये दिसतात. पहिल्या सत्रात ते उघडूच नयेत. ते निरुपयोगी नाहीत, पण त्यांचा पहिल्या निकालाशी संबंध नाही. सगळी बटणं दाखवून देणं म्हणजे पूर्ण शिकवणं, असा शिकवणाऱ्याचा समज असतो. शिकणाऱ्याच्या लक्षात मात्र त्यातलं एकही राहत नाही.

एकर आणि हेक्टर : न दिसणारी चूक

क्षेत्राच्या रकान्यात थोडं थांबायला हवं. शेतकऱ्याच्या डोक्यात एकर आणि गुंठे असतात. ॲप आणि सातबारा हेक्टर-आर मागतात. एक एकर म्हणजे सुमारे ०.४० हेक्टर, आणि एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर.

दोन एकरांच्या गटात कोणी '२' टाकलं, तर गटाचं क्षेत्रच ०.८१ असल्याने हा आकडा बसत नाही आणि चूक लगेच कळते. पण एक हेक्टरच्या गटात एक एकर हळद असताना '१' टाकलं, तर आकडा क्षेत्रात बसतो. चूक दिसत नाही आणि सबंध गटात हळद लागते. अर्धा एकर म्हणून '०.५' टाकणाऱ्याचंही तसंच होतं, खरा आकडा ०.२० असतो.

यावर उपाय म्हणजे शेतात जाण्याआधी वहीत प्रत्येक पिकाचं क्षेत्र एकरात लिहायचं, त्याला ०.४ ने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज सातबारावरच्या क्षेत्राशी ताडून पाहायची. हे काम पाच मिनिटांचं आहे. ते कागदावर झालं तर चूक कागदावरच सापडते.

फोटो आणि लोकेशन : घाई इथे नडते

२०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीपासून ॲप फोटो गटाजवळ काढला आहे की दूर, हे तपासतं. त्यामुळे घरी बसून फोटो काढणं चालत नाही. डीसीएस आवृत्तीत तर गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतला फोटो मागितला जातो.

नवख्याची इथली पहिली चूक म्हणजे झाडाखाली किंवा गोठ्याच्या पत्र्याखाली उभं राहणं. फोनला उपग्रहाचा सिग्नल मिळायला उघडं आकाश लागतं. लोकेशन नुकतंच सुरू केलं असेल, तर पहिला आकडा बराच दूरचा असू शकतो. म्हणून शेतात शिरतानाच लोकेशन सुरू करावं, पिकात मधोमध जावं, मिनिट-दोन मिनिटं थांबावं आणि मग फोटोचं बटण दाबावं. सत्रात सहायकाने हे थांबणं स्वतः करून दाखवलं पाहिजे. तोंडी सांगितलं तर कोणी थांबत नाही.

इतकं करूनही कधी ॲप 'गटापासून दूर' असल्याचं सांगतं. शेतकरी स्वतःच्या शेतात उभा असतो आणि फोन ते मान्य करत नाही. मग चूक शेतकऱ्याची नसते. गटाच्या हद्दीचा डिजिटल नकाशा प्रत्यक्ष जमिनीपासून सरकलेला असू शकतो. अशा वेळी लोकेशन पुन्हा घ्यावं, गटाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून प्रयत्न करावा, आणि तरीही जमलं नाही तर गट क्रमांकासह सहायकाला कळवावं. शेजाऱ्याच्या शेतात जाऊन फोटो काढणं हा उपाय नाही, तो पुढच्या पडताळणीत अंगाशी येतो. या अडचणीवर शिकवण्याच्या क्रमात उत्तर नाही, ते नकाशा दुरुस्तीतच आहे. शिकवणाऱ्याने हे स्पष्ट सांगितलं, तर शेतकरी स्वतःला दोष देत बसणार नाही.

'साठवलं' म्हणजे 'पोहोचलं' नव्हे

आता सर्वांत फसवी पायरी. शेतात नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये साठते. पडद्यावर माहिती साठवल्याचा संदेश येतो. शेतकरी समाधानाने घरी जातो. पण ती नोंद अजून त्याच्या फोनमध्येच असते. रेंजमध्ये आल्यावर 'अपलोड' केल्याशिवाय ती शासनाच्या सर्व्हरवर जात नाही. मध्येच फोन बिघडला किंवा जागा करण्यासाठी कोणी ॲप काढून टाकलं, तर नोंद गेली. आणि ती गेली हे कळतं तेव्हा हंगामाची मुदत संपलेली असते.

म्हणून सत्र शेतात संपू नये. गट पुन्हा गावात, रेंजमध्ये यावा. अपलोड करावं आणि लगेच खात्री करावी. गावातल्या खातेदारांच्या पीक पाहणीची यादी ॲपमध्येच पाहता येते. त्या यादीत आपलं नाव आणि पीक दिसलं, तर ते शेतकऱ्याचं पहिलं फळ. त्याने स्वतःच्या बोटाने ते नाव शोधावं. सातबारावर पीक दिसायला अजून वेळ लागेल, हेही याच वेळी सांगावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रात जाऊन तो निराश होऊन परततो.

चुकीची भीती कमी करणारी एक सोयही याच वेळी दाखवावी. नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकरी स्वतः ती दुरुस्त करू शकतो. ही गोष्ट सुरुवातीला सांगितली, तर माणूस निष्काळजी होतो. अजिबात सांगितली नाही, तर तो बटण दाबायलाच घाबरतो. ती सांगण्याची योग्य वेळ पहिली नोंद पोहोचल्यानंतरची. रात्री घरी बसून त्याने वहीतले आकडे पुन्हा ताडून पाहावेत, आणि चूक निघाली तर मुदतीत सुधारावी.

सत्र यशस्वी झालं हे कसं ओळखायचं?

शिबिराचा अहवाल उपस्थितीवर आणि नोंदणीच्या संख्येवर लिहिला जातो. हे दोन्ही आकडे प्रत्यक्ष निकालाबद्दल फार थोडं सांगतात. शंभर जणांनी नोंदणी केली आणि तीसच जणांची पीक माहिती पोहोचली, तर सत्तर जणांना दरवाजा दाखवून परत पाठवलं, असाच त्याचा अर्थ होतो.

मोजायचं असेल तर दोन गोष्टी मोजाव्यात. त्याच दिवशी किती जणांची पहिली नोंद सर्व्हरवर पोहोचली? आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत किती जणांनी दुसरा गट कोणाच्याही मदतीशिवाय नोंदवला? वरच्या उदाहरणातल्या शेतकऱ्याचा हळद आणि आंतरपिकाचा गट इथे कामाला येतो. पहिल्या गटाच्या वेळी हात बसलेला असतो, वहीत क्षेत्राची बेरीज तयार असते, त्यामुळे आता नवीन असतो तो फक्त पिकाच्या वर्गाचा आणि वाटणीचा प्रश्न. त्यासाठी सहायकाला फोन आला तरी चालेल. एक नेमका प्रश्न विचारणारा माणूस शिकलेला असतो. 'काहीच कळत नाही' म्हणून फोन करणाऱ्याला अजून पहिला गटच पुन्हा करून पाहायची गरज असते.

क्रम बदलायला निधी लागत नाही

याला आक्षेपही आहे आणि तो रास्त आहे. सहायक एक, खातेदार शेकडो आणि मुदत काही आठवड्यांची. पाच-पाच जणांना घेऊन शेतात जायला वेळ कुठून आणायचा? शिवाय शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या नोंदी सहायक करतातच. मग शिकवण्यात वेळ का घालवायचा?

पण उरलेलं काम शेवटी सहायकाच्याच गळ्यात पडणार असेल, तर आधी घातलेला वेळ त्याचाच वाचतो. एका शिवारातले पाच जण शिकले की त्यांचे बांधाशेजारी त्यांनाच विचारतात, हे खतापासून फवारणीपर्यंत प्रत्येक बाबतीत गावात दिसतं. दुसऱ्याच्या हाताने केलेल्या नोंदीत क्षेत्राची आणि आंतरपिकाची चूक राहण्याचा धोकाही जास्त, कारण सहायकाला प्रत्येकाच्या शेताची वाटणी माहीत नसते. आणि खरिपानंतर रब्बी येतं, मग उन्हाळी. जो स्वतः शिकला नाही, तो दर हंगामाला पुन्हा नवा ग्राहक असतो.

म्हणून महसूल आणि कृषी विभागाने सभामंडपातल्या मोठ्या शिबिराऐवजी शिवारातली छोटी सत्रं ठरवावीत आणि अहवालात नोंदणीऐवजी पोहोचलेल्या नोंदी मागाव्यात. खरिपाची पुढची मुदत जाहीर झाली की नरसीच्या सहायकाला पहिल्या दिवशी हवेत ते पाच शेजारी शेतकरी, पाच चार्ज केलेले फोन आणि सलग सोयाबीनचा एक गट.